फोटोवरून पार्किंगचे स्लॉट मोजले, 560 आले. मालक म्हणतो 550. मग सही करू का?

सातपूरचा_सागर

नमस्कार मंडळी. प्रकरण थोडं किचकट आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मी आणि मामेभाऊ मिळून एक पे अँड पार्क चालवायला घ्यायच्या विचारात आहोत. जागा मुंबई-आग्रा रस्त्यालगत, आडगावच्या बाजूला. खासगी आहे, नाव सांगत नाही. मालक दर स्लॉटमागे महिन्याचं भाडं लावतोय आणि ठामपणे म्हणतोय की 550 स्लॉट आहेत. म्हणजे जितके स्लॉट जास्त धरले, तितकं भाडं आमच्या बोकांडी. आत टेप घेऊन गेलो तर वॉचमनने बाहेर काढलं. करार झाल्यावर मोजा म्हणे.

म्हणून गूगल अर्थ प्रो उघडलं. जागेचा पश्चिमेकडचा अर्धा भाग नुकताच रंगवलेला आहे, तिथले पांढरे पट्टे छान दिसतात. पूर्वेकडचे इतके पुसट आहेत की एकही धड मोजता येत नाही. त्यामुळे दिसणाऱ्या भागात मधोमध एक चौकोन आखला, 50 मीटर लांब आणि 32 मीटर रुंद. पहिल्या पट्ट्यापासून शेवटच्या पट्ट्यापर्यंत बरोबर 50 भरतात. त्यात चार रांगा आणि दर रांगेत 21 पट्टे, म्हणजे 84.

पूर्ण जागा 130 बाय 82 मीटर, म्हणजे 10,660 चौरस मीटर. माझा चौकोन 1,600 चा. पूर्ण जागा त्याच्या 6.66 पट. 84 गुणिले 6.66, साधारण 560.

मालक 550 सांगतोय, माझे 560 आले. भाऊ म्हणतो माणूस सरळ आहे, सही कर. पण मी एकदा तिथे गाडी लावली आहे आणि ती जागा मला काही साडेपाचशे गाड्यांची वाटली नाही. कुठे चुकतंय का?

गंगापूररोडकर

एका गाडीला अडीच बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. 10,660 भागिले 12.5 बरोबर 852. मालक बिचारा कमीच सांगतोय की राव! घेऊन टाका.

सातपूरचा_सागर

@गंगापूररोडकर आणि गाड्या आत कशा जाणार, क्रेनने सोडायच्या का वरून? मधल्या वाटा कुठे गेल्या?

मानसी_आर्कि

एवढं मोजत कशाला बसायचं? उघड्यावरच्या पार्किंगला एका गाडीमागे 23 चौरस मीटर धरतात, त्यात वाटा आल्या. दिल्लीच्या मास्टर प्लॅनमध्येच तसं दिलंय. स्टिल्टला 28, बेसमेंटला 32. तुमच्या जागेला 23 ने भागा, 463 येतात. मालक फुगवून सांगतोय हे नक्की. मी 463 वर बोलणी सुरू केली असती.

साखळीवाला

सागर, आधी तुझ्या मोजणीतली एक साधी चूक काढू, मग मोठीकडे येऊ.

कुंपणाला 21 खांब रोवले तर मधे गाळे किती? 20. तू पट्टे मोजलेस, गाड्या पट्ट्यांच्या मधे उभ्या राहतात. 50 मीटरला अडीचने भाग, 20 च येतात. चार रांगांत मिळून 80 झाले, 84 नाही. ही चूक दर रांगेमागे एकाची आहे, पण तू तिला साडेसहाने गुणलंस म्हणून ती 27 गाड्यांची झाली. दुरुस्त केलं की 533.

आता 533 आणि 550 जवळजवळ आहेत म्हणून लगेच खूश होऊ नकोस. दोघांनी एकाच पद्धतीने चूक केली तरी आकडे जुळतात. खरी चूक चौकोनात आहे. मला एक सांग, तुझ्या चौकोनाच्या पश्चिमेला, पट्टे संपल्यावर भिंतीपर्यंत काय आहे? आणि पूर्वेला, पुसट भाग सुरू होण्याआधी काय आहे?

सातपूरचा_सागर

काका, पश्चिमेला रांग संपते तिथे एक ओटा आहे, कडेला काळा-पिवळा रंग दिलेला, आणि त्यापुढे भिंतीपर्यंत गाडी वळायला वाट. रूलरने मोजली, 7 मीटर. पूर्वेलाही तसाच ओटा आणि मग जागेच्या बरोबर मध्यावर एक आडवी वाट, 6 मीटर. त्या वाटेपलीकडे पुसट भाग.

द्राक्षवाला_पिंपळगाव

मला पार्किंगमधलं काही कळत नाही पण हे आमच्या बागेसारखंच दिसतंय. नऊ बाय पाच फुटांवर लागवड केली तर एका झाडाला 45 चौरस फूट. एकरात 43,560 चौरस फूट, म्हणजे हिशोबाने 968 झाडं बसतात. रोपवाटिकेवाला तेवढीच रोपं सांगतो. पण ट्रॅक्टर वळायला दोन्ही टोकांना जागा सोडावी लागते, विहीर असते, बांध असतो. प्रत्यक्षात 968 कधीच लागत नाहीत. बागेच्या मधोमध उभं राहून मोजलं तर 968 च खरे वाटतात, कारण मधोमध बांध नसतो.

साखळीवाला

पिंपळगावकरांनी माझं अर्धं काम केलं.

सागर, तुझा चौकोन म्हणजे बागेचा मधला भाग. त्यात फक्त रांगा आणि रांगांमधल्या वाटा आहेत. 1,600 चौरस मीटरमध्ये 80 गाड्या, म्हणजे गाडीमागे 20 चौरस मीटर. याहून दाट काटकोनी पार्किंग बसवताच येत नाही. पाच मीटरची रांग, सहाची वाट, पुन्हा पाचची रांग, मिळून 16 मीटर. अडीच मीटर रुंदीच्या पट्टीत दोन गाड्या, 40 चौरस मीटरला दोन, म्हणून गाडीमागे 20. तू जे मोजलंस ते अगदी बरोबर आहे, पण ते फक्त जागेच्या सगळ्यात भरलेल्या भागाला लागू आहे. तू मात्र ते ओट्यांना, वळणाच्या वाटांना आणि मधल्या आडव्या वाटेलाही लावलंस. त्या वाटांवरही तुझ्या हिशोबात गाड्या उभ्या आहेत.

यावर उपाय सोपा आहे आणि नवीन काही मोजावं लागत नाही. चौकोनाची रुंदी 32 च ठेव. लांबी मात्र पश्चिमेच्या भिंतीपासून मधल्या आडव्या वाटेच्या निम्म्यापर्यंत घे. 130 चे निम्मे 65. आता त्यात वळणाची पूर्ण वाट आली, दोन्ही ओटे आले, मधल्या वाटेचा अर्धा हिस्सा आला. गाड्या मात्र तेवढ्याच, 80.

65 गुणिले 32 म्हणजे 2,080. पूर्ण जागा त्याच्या 5.125 पट. 80 गुणिले 5.125 बरोबर 410.

सातपूरचा_सागर

560 वरून 410?! नुसता चौकोन पंधरा मीटरने वाढवून?

साखळीवाला

हो. वाढवलेल्या पंधरा मीटरांत एकही गाडी नाही म्हणूनच. गाडीमागे 20 चे 26 चौरस मीटर झाले.

मानसी_आर्कि

माझे 463, यांचे 410. मग 23 चा आकडा चुकीचा म्हणायचा का? वर्षानुवर्षं वापरतोय आम्ही.

साखळीवाला

ताई, चुकीचा नाही, त्याचं काम वेगळं आहे. जागा कोरी असताना किती गाड्यांची सोय करावी लागेल हे ठरवायला 23 उत्तम. इथे मात्र जागा कुणीतरी आधीच आखून ठेवली आहे. आखणाऱ्याने दोन टोकांना सात-सात मीटरच्या वाटा सोडल्या आणि मधे आणखी एक आडवी वाट टाकली, ते त्या 23 ला कसं कळणार? आखणी सैल असेल तर 26 येतील, 28 येतील. नेमकं तेच शोधायला नमुना मोजायचा. 23 ने भागायचं तर फोटोची गरजच नाही, सातबारा पुरे.

मानसी_आर्कि

सातबाऱ्याचं पटलं. पण मग एक शंका. रुंदी 32 च का घ्यायची? तिथेही हीच भानगड होऊ शकते ना?

साखळीवाला

बरोबर पकडलंत. सागरचं नशीब की त्याच्या चौकोनाच्या वरच्या-खालच्या कडा दोन वाटांच्या बरोबर मध्यावर पडल्या. पाठीला पाठ लावलेल्या दोन जोड्या, त्यांच्या मधली पूर्ण वाट आणि बाहेरच्या दोन वाटांचे अर्धे-अर्धे हिस्से. 3, 10, 6, 10, 3, मिळून 32. त्याने कडा पट्ट्यांना चिकटवून घेतली असती तर रुंदी 26 भरली असती, गाड्या 80 च. 50 बाय 26 च्या चौकोनावरून हिशोब 656 वर गेला असता. म्हणून वाटेच्या मध्यापासून वाटेच्या मध्यापर्यंत घ्यायचं, लांबीला आणि रुंदीला दोन्हीकडे. असा तुकडा शेजारी-शेजारी मांडत गेलं तर सगळी जागा भरली पाहिजे, वाट दोनदा मोजली जाता कामा नये आणि सुटताही कामा नये. फरशी बसवणारा बघतो ना नक्षी कुठे पुन्हा सुरू होते, तेवढंच बघायचं.

केतकी_इंदिरानगर

माझा प्रश्नही पार्किंगचाच आहे म्हणून इथेच विचारते. आमच्या सोसायटीत 64 फ्लॅट आहेत आणि बिल्डरने 64 पार्किंग दिल्याचं सांगितलं होतं. मी फोटोवरून मोजले तर 22 च दिसतात! बाकीचे 42 त्याने खाल्ले असं म्हणता येईल का? पुढच्या रविवारी मीटिंग आहे.

मानसी_आर्कि

@केतकी_इंदिरानगर इमारतीखाली स्टिल्ट पार्किंग आहे का? ते वरून दिसणारच नाही. फोटोत फक्त मोकळ्या जागेतले स्लॉट आणि छप्परं दिसतात. मंजूर नकाशाची प्रत मागवा, त्यात प्रत्येक स्लॉट काढलेला असतो. फोटो घेऊन मीटिंगला जाऊ नका, हसं होईल.

केतकी_इंदिरानगर

स्टिल्ट आहे. पण त्यातले सहा तर पाण्याच्या टाकीला आणि मीटर रूमला गेलेत. ते बिल्डरने मोजलेत का नाहीत?

ड्रोनवाला_निफाड

सागरभाऊ, उपग्रहाचा फोटो कशाला, मी लग्नाचं शूटिंग करतो, ड्रोन आहे. बाहेरच्या रस्त्यावरून एक फोटो काढून देतो, गाडीच्या नंबरप्लेटसुद्धा दिसतील. परवानगी-बिरवानगीचं तुम्ही बघा. हायवेवरून दुसऱ्याच एका जागेचा काढलेला असा फोटो माझ्याकडे आहे, तिरपा आहे पण एकदम क्लिअर.

साखळीवाला

तिरपा असेल तर या कामाला नको. तिरप्या फोटोत जवळचा स्लॉट मोठा आणि लांबचा लहान दिसतो. नमुना जवळच्या बाजूला घेतला तर तो फोटोत जास्त जागा खातो, मग पूर्ण जागा त्याच्या कमी पट भरते आणि गाड्या कमी येतात. लांबच्या बाजूला घेतला तर उलट, गाड्या फुगतात. एकाच फोटोतून दोन टोकांची उत्तरं.

सरळ वरून घेतलेल्या फोटोचा एक मोठा फायदा असा की माप थोडं चुकलं तरी बिघडत नाही. समजा रूलर सगळीकडे दोन टक्के जास्त दाखवतोय. सागरचा चौकोन जेवढा फुगेल तेवढीच पूर्ण जागा फुगेल, भागाकार तोच राहील. 410 चे 410 च. पण तेच क्षेत्रफळ 23 ने किंवा 26 ने भागायला गेलास तर लांबीतली दोन टक्के चूक क्षेत्रफळात चार टक्के होते आणि ती कुठेच कटत नाही.

अर्थात तिरप्या फोटोवरून एकेक स्लॉट बोटाने मोजला तर तो चालतो. मोजणीला माप लागतच नाही.

गंगापूररोडकर

मग सगळेच बोटाने मोजा ना! 400 स्लॉट मोजायला असा किती वेळ लागणार? नमुना-बिमुना कशाला?

सातपूरचा_सागर

अहो सांगितलं ना, पूर्वेकडचे पट्टे दिसतच नाहीत. नाहीतर मी इथे कशाला आलो असतो. दक्षिणेची भिंतीलगतची रांगही सावलीत आहे.

साखळीवाला

सावली असणारच. फोटो सकाळचा आणि हिवाळ्यातला असेल तर सावल्या उत्तर-पश्चिमेला पडतात. दक्षिणेच्या भिंतीलगतची झाडं आपल्याच रांगेवर पडलेली दिसणार. टाइम स्लायडर मागे-पुढे सरकवून उन्हाळ्यातला फोटो बघ, सावली आखडलेली असेल.

आता जे खरंच नाजूक आहे ते सांगतो. 410 हा आकडा एका गृहीतावर उभा आहे, ते म्हणजे पूर्वेचा अर्धा भाग पश्चिमेसारखाच आखलेला आहे. पश्चिम नुकतीच रंगवली म्हणालास. रंगवताना जुन्या पट्ट्यांवरूनच रंग फिरवला की नव्याने आखलं? नव्याने आखलं असेल तर पूर्वेचे स्लॉट वेगळ्या रुंदीचे असू शकतात.

सातपूरचा_सागर

ते फोटोवरून कसं ओळखायचं? पट्टेच दिसत नाहीत तर.

साखळीवाला

पट्टे नसले तरी गाड्या असतील. पूर्वेला सलग लागलेल्या आठ-दहा गाड्या शोध. पहिल्या गाडीच्या मध्यापासून शेवटच्या गाडीच्या मध्यापर्यंत माप आणि मधल्या अंतरांच्या संख्येने भाग. दहा गाड्या असतील तर नऊने भागायचं, कुंपणाच्या खांबांची गोष्ट विसरू नकोस.

एकट्या स्लॉटची रुंदी मात्र मोजू नकोस. कडा नेमकी कुठे हे ठरवताना दोन्ही बाजूंना थोडं-थोडं चुकतं, समज सगळं मिळून अर्धा मीटर. अडीच मीटरमध्ये अर्धा मीटर म्हणजे 20 टक्के, काहीच हाती लागत नाही. तीच अर्ध्या मीटरची चूक 20 स्लॉटच्या 50 मीटरमध्ये एक टक्का.

सातपूरचा_सागर

बघितलं. सलग सात गाड्या सापडल्या, सहा अंतरं, 16.4 मीटर. म्हणजे 2.73. दुसरीकडे सलग पाच, चार अंतरं, 10.3, म्हणजे 2.58. आता यातलं कुठलं धरू?

साखळीवाला

दोन्ही धरू नकोस. लोक स्लॉटच्या बरोबर मधे गाडी लावत नाहीत, त्यामुळे चार-सहा अंतरांवर एवढा फरक येणारच. पण दोन्ही आकडे अडीचच्या वर आहेत हे ध्यानात ठेव. पूर्वेकडे स्लॉट थोडे रुंद असावेत असा मला संशय आहे, खात्री नाही. पट्टे पुसट झाले की लोक आपोआपच ऐसपैस लावतात, हेही कारण असू शकतं.

आणि भिंतीलगतच्या दोन रांगा वेगळ्या बघ. त्यांना ओटे नाहीत, त्या टोकापासून टोकापर्यंत जातात, म्हणून आतल्या रांगांपेक्षा जास्त गाड्या बसायला हव्यात. पण दक्षिणेला गेट असणार, केबिन असणार, महावितरणची डीपी असणार.

सातपूरचा_सागर

दक्षिणेला दोन गेटं आहेत, आत यायचं आणि बाहेर जायचं. डीपी पण आहे. उत्तरेला तीन मोठी झाडं.

दुचाकीवाला_सिडको

सगळे गाड्यांचंच बोलताय. नाशकात पार्किंग म्हटलं की निम्म्या टू-व्हीलर. मोटरसायकलला एक बाय दोन मीटर. एका कारच्या स्लॉटमध्ये सहा बसतात. मालकाचे 550 त्यात टू-व्हीलर धरून असतील तर?

सातपूरचा_सागर

विचारलं होतं. म्हणाला 550 "गाड्या". आता त्याच्या गाड्यांत काय येतं, देव जाणे.

दुचाकीवाला_सिडको

मग करारात "स्लॉट" म्हणजे काय ते लिहून घ्या. कोपऱ्यातले चार स्लॉट टू-व्हीलरला दिले तर त्याने ते 4 धरायचे का 24?

मानसी_आर्कि

साडेबारा भागिले दोन, सहा येतात खरे, पण आतली गाडी बाहेर कशी काढणार? मी पाचच्या वर धरणार नाही.

दुचाकीवाला_सिडको

ताई, आमच्या इथे सात लावतात आणि काढतातही. हँडल लॉक करायचं नाही एवढीच अट.

त्र्यंबकरोड

2027 च्या सिंहस्थाला शहराबाहेर शेतं भाड्याने घेऊन पार्किंग करायचा विचार चाललाय आमच्याकडे. पाच एकर आहे. ही पद्धत तिथे चालेल का?

साखळीवाला

@त्र्यंबकरोड नाही. इथे मोजतोय ते आखलेले पट्टे. शेतात पट्टेच नाहीत, तर नमुन्यात मोजणार काय? तिथे आखणी आधी ठरवावी लागेल, आणि बसगाड्या येणार असतील तर वाटा वेगळ्याच. मानसीताईंचा आकडा तिथे कामाचा आहे, पण तोही फक्त कारपुरता, आणि पावसात चिखल झाल्यावर काय होईल ते वेगळंच. त्यासाठी वेगळा धागा काढा.

सातपूरचा_सागर

मंडळी, अपडेट.

काल रविवारी सकाळी सहाला गाडी घेऊन गेलो, रीतसर पावती फाडली, गाडी लावली आणि मोबाइलवर बोलत असल्यासारखा सगळ्या रांगांतून चाललो. या वेळी वॉचमन काही बोलला नाही, गिऱ्हाईक ना मी. जागा जवळजवळ रिकामी होती त्यामुळे पुसट पट्टेही जमिनीवर वाकून बघता आले.

आत पाठीला पाठ लावलेल्या आठ रांगा आहेत. पश्चिमेच्या अर्ध्या भागात दर रांगेत 20, फोटोत दिसले तेवढेच. पूर्वेला दर रांगेत 19! काकांचा संशय खरा. पावलांनी मोजलं, तिथले स्लॉट पावणेतीन मीटरच्या जरा आत आहेत. पश्चिम रंगवताना नव्याने आखलेली दिसते, एका ठिकाणी पांढऱ्या रंगाच्या बाजूला जुन्या पट्ट्याची रेघ अजून दिसते.

आतले मिळून 160 अधिक 152, म्हणजे 312. उत्तरेच्या भिंतीलगत 47, तीन झाडांनी एकेक स्लॉट खाल्लाय. दक्षिणेला गेटं, केबिन, डीपी वगळून 33, त्यातले दोन अपंगांसाठीचे रुंद. एकूण 392.

म्हणजे काकांच्या 410 मध्ये 18 जास्त होते. आणि माझ्या 560 मध्ये 168!

साखळीवाला

साडेचार टक्के चूक. एका नमुन्यावरून ठीक आहे, पण मी ते फार मिरवणार नाही. आतल्या आठ रांगांचे 320 धरले होते, भरले 312. राहिलेले 90 भिंतीलगतच्या जागेच्या वाट्याला आले होते, तिथे निघाले 80. या दोन भिंतीकडच्या रांगा मी कधी मोजल्याच नव्हत्या. उत्तरेला ओटे नसल्याने फायदा झाला, दक्षिणेला गेटांनी तोटा केला, आणि दोन्ही बऱ्यापैकी एकमेकांत जिरले. तिथे आणखी एक गेट असतं किंवा कँटीन असतं तर 410 बराच लांब पडला असता. पुन्हा असं करशील तेव्हा आतल्या रांगांचा एक नमुना आणि भिंतीलगतच्या रांगेचा एक, असे दोन वेगळे घे, आणि आखणी दोन वेळची असेल तर दोन्ही भागांत एकेक.

गंगापूररोडकर

माझे 852 कुणी विचारात घेणार नाही असं दिसतंय.

सातपूरचा_सागर

@गंगापूररोडकर तुम्ही मालकाला भेटा, त्याला आवडतील.

अजून एक राहिलं. 392 मधल्या सहा स्लॉटवर जनरेटर आणि कसलंतरी बांधकामाचं भंगार ठेवलंय. ते फोटोत गाड्यांसारखंच दिसत होतं. म्हणजे वापरायला 386. मालकाला फोन केला, रांगेनिहाय आकडे वाचून दाखवले. आधी चिडला, मग म्हणाला की 550 हा आकडा त्याला आखणी करणाऱ्या ठेकेदाराने सांगितला होता, त्याने स्वतः कधी मोजलंच नाही. खरं खोटं माहीत नाही. आता 400 वर आलाय आणि म्हणतो आमची पोरं मधल्या आडव्या वाटेत पण गाड्या लावतात, तेवढे धरा.

मानसी_आर्कि

अजिबात धरू नका. वाटेतली गाडी काढायला माणूस लागतो, त्याचा पगार मालक देणार का?

द्राक्षवाला_पिंपळगाव

उलट मी म्हणतो पोरं लावतातच तर पैसे येतातच ना. लग्नाच्या तिथीला तीस-चाळीस गाड्या वाटेत गेल्या तर कमाई कुणाची? तेवढ्यासाठी 400 मान्य करायला हरकत नाही.

सातपूरचा_सागर

भाऊ पण हेच म्हणतोय. बघतो. बुधवारी बसणार आहोत. भंगाराचे सहा स्लॉट मोकळे करून देणार का, ते आधी विचारतो.

केतकी_इंदिरानगर

मंजूर नकाशाची प्रत मिळाली. त्यात 58 आहेत, 64 नाहीत. आता टाकीचे सहा त्यात धरायचे का वेगळे?